एकच दार, अनेक मापे

घराच्या नकाशात, म्हणजे वरून पाहिल्यासारख्या काढलेल्या आराखड्यात, दाराची खूण अगदी थोड्या रेषांची असते. भिंतीतल्या मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना चौकटीचे दोन उभे भाग, बिजागरीपाशी उघडी दाखवलेली झडप, आणि ती झडप उघडताना तिचे टोक ज्या वाटेने फिरते तो पाव वर्तुळाचा कंस. खिडकीची खूण याहूनही साधी असते. भिंतीच्या जाडीत एकमेकींना समांतर अशा तीन-चार रेषा आणि दोन्ही टोके बंद करणाऱ्या दोन छोट्या रेषा, एवढ्यावर काम भागते. या खुणा काढणे अवघड मुळीच नाही. त्या पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात आणि दर वेळी थोड्या वेगळ्या काढाव्या लागतात, हा खरा त्रास आहे. न्हाणीघराचे दार अरुंद, शयनगृहाचे त्याहून रुंद, मुख्य दार सर्वांत मोठे. एक डावीकडे उघडते, दुसरे उजवीकडे. एक नऊ इंची भिंतीत बसते, दुसरे साडेचार इंची.

पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आकृतीसाठी ऑटोकॅडमध्ये ब्लॉकची सोय आहे. काही रेषा एकत्र करून त्यांना नाव दिले की तो ब्लॉक होतो, आणि `INSERT` आज्ञेने तो हवा तिथे, हवा तितक्या वेळा ठेवता येतो. साधा ब्लॉक रबरी शिक्क्यासारखा असतो. उमटतो तेव्हा अचूक उमटतो, पण नेहमी तसाच उमटतो. तो फिरवता येतो, आरशातल्यासारखा उलटता येतो, लहानमोठाही करता येतो. मात्र दाराच्या बाबतीत लहानमोठे करणे नेमके नडते.

समजा, दाराचा ब्लॉक 900 मिलिमीटर रुंदीचा आहे आणि न्हाणीघराला 750 चे दार हवे आहे. संपूर्ण ब्लॉक त्या प्रमाणात लहान केला, तर 230 ची चौकट सुमारे 192 ची होते आणि भिंतीच्या जाडीशी जुळत नाही. झडपेची 35 ची जाडीही 29 वर येते. फक्त आडव्या दिशेने लहान केला, तर चौकटीची खोली शाबूत राहते, पण बिघाड दुसरीकडे होतो. उघडी झडप उभ्या दिशेने काढलेली असल्यामुळे तिची लांबी 900 च राहते, आणि वर्तुळाचा कंस लंबवर्तुळाचा होतो. 750 च्या जागेत 900 ची झडप दिसते. म्हणून प्रत्येक मापासाठी वेगळा ब्लॉक ठेवण्याची पद्धत पडली. तीन रुंद्या आणि दोन भिंती धरल्या तरी एकेरी झडपेच्या दारांचेच सहा ब्लॉक होतात. दुहेरी झडपेची आणि सरकती दारे धरली की यादी लांबत जाते. त्यातला एखादा बदलायचा म्हटले, की बाकीचेही एकेक करून उघडावे लागतात.

ऑटोकॅड 2006 मध्ये डायनॅमिक ब्लॉक आला तो या अडचणीवरचा उपाय म्हणून. डायनॅमिक ब्लॉकमध्ये रेषांबरोबर त्या रेषांनी कसे बदलावे याचे नियमही साठवलेले असतात. नियमाचे दोन भाग असतात. पहिला पॅरामीटर: आकृतीतले नेमके काय बदलू शकते, हे तो सांगतो. उदाहरणार्थ, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर. दुसरा अ‍ॅक्शन: ते अंतर बदलले की कोणत्या रेषांनी सरकायचे, कोणत्या रेषांनी ताणले जायचे, हे तो ठरवतो. पॅरामीटर असून त्याला अ‍ॅक्शन जोडलेला नसेल, तर माप बदलले तरी चित्र हलत नाही. अशा पॅरामीटरजवळ पिवळे उद्गारचिन्ह दिसत राहते. नवशिक्याला मिळणारी ही पहिली आणि फार उपयोगी सूचना आहे.

हे सारे काम ब्लॉक एडिटरमध्ये चालते. `BEDIT` टाइप केले की तो उघडतो, `BSAVE` ने ब्लॉक जतन होतो आणि `BCLOSE` ने मूळ नकाशात परतता येते. पुढे एकेरी झडपेचे दार पायरीपायरीने घेतले आहे, कारण डायनॅमिक ब्लॉकच्या बहुतेक खाचाखोचा या एका दारात सापडतात.

रेषा काढण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: 900 म्हणजे नेमके कुठले 900? काही कार्यालयांत दाराचे माप भिंतीतल्या मोकळ्या जागेचे धरतात, काहींत चौकटीच्या आतल्या बाजूंमधले, तर काहींत झडपेचे. इथे चौकटीच्या आतल्या दोन बाजूंमधले अंतर धरले आहे. बिजागरीचा बिंदू 0,0 वर ठेवून उजवीकडे 900 अंतरावर दुसरी चौकट काढायची. भिंतीचा वरचा पृष्ठभाग बिजागरीच्या रेषेत येतो आणि भिंत तिथून खाली 230 पर्यंत जाते. चौकटही तेवढीच खोल. झडप म्हणजे 35 रुंद आणि 900 उंच असा उभा आयत, त्याचा खालचा कोपरा बिजागरीवर. कंसाचे केंद्र बिजागरीच्या बिंदूवर आणि त्रिज्या 900. सगळ्या रेषा `0` या लेयरवर काढाव्यात, म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर ठेवला जाईल त्याचा रंग आणि रेषेची जाडी आपोआप घेतो.

आता `Linear` पॅरामीटर. पहिला बिंदू बिजागरी, दुसरा समोरच्या चौकटीची आतली बाजू. याचे मूळ नाव `Distance1` असे येते. ते लगेच बदलून `WIDTH` करावे, कारण पुढे दारांची यादी काढताना हेच नाव स्तंभाच्या डोक्यावर येते. पकड, म्हणजे ज्या निळसर खुणेला धरून माप ओढायचे ती ग्रिप, फक्त समोरच्या टोकाला ठेवावी. बिजागरीची बाजू जागेवरून हलू नये.

यानंतर खरी गंमत सुरू होते. रुंदी बदलली की दाराचे तीन भाग तीन वेगवेगळ्या रीतीने बदलायला हवेत. समोरच्या चौकटीने आकार न बदलता नुसते सरकायचे, म्हणून तिला `Move`. कंसाने केंद्र तिथेच ठेवून लहानमोठे व्हायचे, म्हणून त्याला `Scale`. या पॅरामीटरची सुरुवात बिजागरीवर आहे आणि कंसाचे केंद्रही तिथेच आहे, त्यामुळे 900 ची त्रिज्या बरोबर 750 होते. कंस कंसच राहतो, लंबवर्तुळ होत नाही. राहिली झडप. तिची जाडी 35 च राहून लांबी तेवढी कमी व्हायला हवी, म्हणून तिला `Stretch`.

झडपेच्या या `Stretch` पाशी बरेच जण अडतात. रुंदी आडव्या दिशेने बदलते आणि झडप मात्र उभ्या दिशेने कमी व्हायची असते. काहीच सांगितले नाही, तर झडपेचे वरचे टोक चौकटीबरोबर डावीकडे 150 सरकते आणि आयत तिरका होतो. त्यासाठी या अ‍ॅक्शनच्या गुणधर्मांत `Angle Offset` ची किंमत 90 द्यावी लागते. मग आडव्या बदलाचे रूपांतर उभ्या बदलात होते. दुसरी चूक ताणण्याच्या चौकोनाची. `Stretch` देताना एक चौकोन आखायचा असतो. जी रेषा त्याच्या पूर्ण आत असते ती नुसती सरकते, आणि जी चौकोनाच्या कडेला छेदून जाते ती ताणली जाते. झडपेचे फक्त वरचे टोक चौकोनात यायला हवे. पूर्ण झडप आत आली, तर 750 निवडल्यावर तिची लांबी कमी होत नाही, ती अख्खी 150 खाली घसरते आणि बिजागरीच्या खाली भिंतीत घुसलेली दिसते. तिरकी झडप दिसली तर कोन तपासावा, घसरलेली दिसली तर चौकोन. दोन्ही दोष नकाशात परत न जाता `BTESTBLOCK` ने उघडणाऱ्या चाचणीच्या खिडकीत लगेच पाहता येतात.

रुंदी कितीही ओढता येणे ही सोय वाटते, पण ती धोक्याची आहे. हात थोडा हलला की 873 चे दार तयार होते आणि ते सुताराकडे जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पॅरामीटरच्या `Dist type` मध्ये `List` निवडून 750, 900 आणि 1050 एवढीच मापे भरावीत. मग ग्रिप ओढताना त्या तीन जागी बारीक खुणा दिसतात आणि दार तिथेच थांबते. डायनॅमिक ब्लॉकची ही एक गोष्ट घेतली आणि बाकी सगळे सोडले, तरी नकाशातल्या चुका पुष्कळ कमी होतील.

दार डावे की उजवे, आत उघडणारे की बाहेर, हे `Flip` पॅरामीटरने ठरते. त्यासाठी एक आरसारेषा द्यायची असते. ब्लॉकवर बाण दिसतो, तो दाबला की आकृती त्या रेषेपलीकडे उलटते. डावे-उजवे करण्यासाठी रेषा दाराच्या बरोबर मधोमध, म्हणजे बिजागरीपासून 450 वर, उभी आखावी. 900 च्या दारासाठी हे अचूक चालते. पण दार 750 केले आणि मग बाण दाबला, की दार भिंतीतून 150 मिलिमीटर बाजूला गेलेले दिसते. कारण आरसारेषा अजून 450 वरच उभी आहे. 0 ते 750 मधले दार तिच्यात उलटले की 150 ते 900 मध्ये जाते. उपाय असा की आरसारेषेलाही रुंदीच्या पॅरामीटरचा एक `Move` जोडायचा आणि त्याच्या `Distance Multiplier` मध्ये 0.5 लिहायचे. रुंदी 150 ने कमी झाली की आरसारेषा 75 ने सरकते आणि 375 वर, पुन्हा मधोमध, येते. उलटवण्याच्या अ‍ॅक्शनमध्ये रेषांबरोबर रुंदीचा पॅरामीटरही निवडायला विसरू नये, नाहीतर दार उलटते आणि ग्रिप मात्र जुन्या बाजूला राहते.

आत-बाहेर करणारी आरसारेषा भिंतीच्या जाडीच्या मधोमध आडवी असते. भिंतीच्या जाडीसाठी 115, 150 आणि 230 अशी यादी असलेला दुसरा `Linear` पॅरामीटर द्यायचा, त्याला चौकटीची खालची टोके ताणणारा `Stretch` जोडायचा, आणि इथेही आरसारेषेला अर्ध्या अंतराचा नियम लावायचा. तत्त्व तेच आहे.

खिडकी याच्यापुढे सोपी वाटते. तिच्या लांब रेषा बदलाच्या दिशेतच असतात, त्यामुळे उजव्या टोकाभोवती चौकोन आखून एकच `Stretch` दिला की 600 पासून 1800 पर्यंतची सगळी मापे निघतात. मधोमध दांडी असेल तर तिला अर्ध्या अंतराचा `Move` द्यायचा. समोरून दिसणाऱ्या दर्शनी चित्रात गज दाखवायचे असतील, तर `Array` अ‍ॅक्शन कामाला येतो. गजांमधले अंतर 100 दिले आणि खिडकी 1200 वरून 1500 केली, की आणखी तीन गज आपोआप उभे राहतात. ताणल्यामुळे गजांमधली जागा वाढत नाही, गजांची संख्या वाढते.

एकाच ब्लॉकमध्ये एकेरी, दुहेरी आणि सरकते दार ठेवण्यासाठी `Visibility` पॅरामीटर असतो. प्रत्येक स्थितीत कोणत्या रेषा दिसाव्यात हे ठरवून द्यायचे, आणि वापरणारा छोट्या यादीतून हवी ती स्थिती निवडतो. मात्र एका ब्लॉकमध्ये असा एकच पॅरामीटर बसतो. झडपेचे तीन प्रकार आणि उंबरा असणे-नसणे असे दोन्ही पर्याय हवे असले, तर त्यांच्या जोड्या लावून सहा स्थिती कराव्या लागतात. तिसरा पर्याय आला की बारा. तिथे थांबून दोन वेगळे ब्लॉक करणेच शहाणपणाचे ठरते.

दारांना नकाशात D1, D2 अशी नावे देण्याची पद्धत आहे, आणि मापाशी त्या नावांची सांगड घालण्यासाठी `Lookup` पॅरामीटर असतो. त्याच्या तक्त्यात एका बाजूला `WIDTH`, दुसऱ्या बाजूला नाव: 1050 म्हणजे D1, 900 म्हणजे D2, 750 म्हणजे D3. तक्त्यात उलट शोधाला परवानगी दिली, की नाव निवडले तरी माप बदलते. ड्राफ्ट्समनला मग माप लक्षात ठेवावे लागत नाही, तो D3 निवडतो आणि दार 750 चे होते. एका रुंदीला दोन नावे दिली, तर मात्र उलट शोध चालत नाही. अशा वेळी दुसरे एखादे माप किंवा स्थिती तक्त्यात घालून प्रत्येक ओळ वेगळी करावी लागते.

या साऱ्या जुळणीचा मोबदला कुठे मिळतो, हे एका मजल्याच्या नकाशावर पाहता येईल. मजल्यावर चार सदनिका आहेत आणि प्रत्येक सदनिकेत सहा दारे: एक मुख्य दार 1050 चे, तीन 900 ची, दोन 750 ची. एकूण चोवीस दारे. जुन्या रीतीने प्रत्येक ठिकाणी योग्य मापाचा ब्लॉक शोधायचा, ठेवायचा, फिरवायचा, गरज पडली तर `MIRROR` करून मूळचा पुसायचा. डायनॅमिक ब्लॉकमध्ये चोवीसही ठिकाणी तोच ब्लॉक ठेवायचा, यादीतून नाव निवडायचे आणि लागेल तिथे बाण दाबायचा. ब्लॉकमध्ये `Alignment` पॅरामीटर घातलेला असेल, तर दार भिंतीजवळ नेताच तिच्या दिशेला स्वतःच वळते आणि तिरक्या भिंतीचा कोनही मोजावा लागत नाही.

याहून मोठी बचत बदलाच्या वेळी होते. घरमालकाने न्हाणीघरांची दारे 800 ची करायला सांगितली, असे धरू. ब्लॉक एडिटरमध्ये यादीत आणि तक्त्यात 800 ची भर घालायची, ब्लॉक जतन करायचा, मग नकाशातली आठ दारे एकदम निवडून `Properties` मध्ये नवे माप द्यायचे. इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ब्लॉकची मूळ व्याख्या बदलली की सगळी दारे बदलतात. झडपेची जाडी 35 ची 40 केली, तर चोवीसही ठिकाणी ती 40 होते. पण एखाद्या दाराची निवडलेली रुंदी त्या दारापुरतीच असते. यादीत 800 आले म्हणून आधीची 750 ची दारे आपोआप 800 होत नाहीत.

शेवटी दारांचा तक्ता. `DATAEXTRACTION` आज्ञा ब्लॉकचे नाव, त्यातले `WIDTH` आणि `Lookup` चे नाव वाचून किती D1, किती D2 याचा तक्ता नकाशात मांडते. हाताने मोजलेल्या आकड्यांत एखादे दार सुटू शकते. हा तक्ता मात्र नकाशात जे आहे तेच मोजतो. पण यासाठी दार ब्लॉकच राहायला हवे. कोणी `EXPLODE` केले, की त्याच्या सुट्या रेषा होतात, मापाची यादी जाते आणि ते दार तक्त्यातूनही गायब होते. ब्लॉक करतानाच `Allow exploding` ची खूण काढून टाकली, तर हा प्रकार टळतो.

डायनॅमिक ब्लॉकच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. सर्वांत मोठी मर्यादा ही की तो भिंत कापत नाही. दार ठेवले तरी खालच्या भिंतीच्या रेषा तशाच राहतात. त्या `TRIM` ने तोडाव्या लागतात, आणि वरच्या उदाहरणात दार 750 चे 800 झाले की आठही ठिकाणी भिंत पुन्हा नीट करावी लागते. ब्लॉकमध्ये `WIPEOUT` घालून रेषा झाकता येतात, पण त्या झाकल्या जातात, तुटत नाहीत. भिंतीची लांबी मोजली तर दाराची जागाही तीत धरली जाते. रेव्हिट किंवा ऑटोकॅड आर्किटेक्चरमधले दार भिंतीला स्वतः भोक पाडते. साध्या ऑटोकॅडच्या ब्लॉककडून ती अपेक्षा ठेवू नये.

दुसरी अडचण नावांची. माप बदललेल्या प्रत्येक रूपासाठी ऑटोकॅड आतल्या आत `*U12` सारखे निनावी ब्लॉक तयार करते. पडद्यावर त्याचा त्रास होत नाही, पण ब्लॉकचे नाव शोधून दारे मोजणारा जुना लिस्प प्रोग्रॅम ही दारे पाहतच नाही आणि कमी आकडा देतो. अशा प्रोग्रॅममध्ये `Name` ऐवजी `EffectiveName` वाचावे लागते. एखादे दार ओढाताणीत विस्कटले, तर `RESETBLOCK` ने ते मूळच्या 900 च्या रूपात परत येते. आणि दार नकाशात भलतेच मोठे किंवा ठिपक्याएवढे दिसले, तर दोष बहुधा नियमांचा नसतो. ब्लॉक मिलिमीटरमध्ये आणि नकाशा इंचात असा गोंधळ असतो, तेव्हा आधी दोन्हींकडचे `INSUNITS` पाहावे.

पहिलाच ब्लॉक सर्वगुणसंपन्न करण्याचा मोह टाळावा. रुंदीची यादी आणि डावे-उजवे करणारा बाण एवढ्यावर रोजचे बहुतेक काम निघते. भिंतीची जाडी आणि तक्ता नंतर जोडता येतात. शिकण्यासाठी बाहेर फार शोधाशोध करण्याचीही गरज नाही. `Ctrl+3` दाबून उघडणाऱ्या टूल पॅलेटमधील `Architectural` या भागात ऑटोकॅडबरोबरच आलेले तयार दार असते. ते नकाशात ठेवावे, `BEDIT` ने उघडावे, आणि कोणत्या रेषेला कोणता नियम लावला आहे ते एकेक करून पाहावे.